घरची वही : तीनशे खोक्यांचा हिशेब

आमच्या भाचीने दोन वर्षं खपून एक खेळ तयार केला आहे. नाव ‘गलबत’. दाभोळपासून मालवणपर्यंत गलबतं न्यायची, नारळ, मीठ, सुपारी, सुकी मासळी असा माल एका बंदरात घ्यायचा आणि दुसऱ्या बंदरात विकायचा, वाटेत वारा पडला की भावात घासाघीस करायची. दोन ते चार जण खेळतात, पाऊण तास लागतो. फाशांचा खेळ आपल्या बऱ्याच घरांत नको म्हणतात, म्हणून तिने फासे ठेवलेच नाहीत. गलबत किती घरं पुढे जाणार ते वाऱ्याच्या कार्डांवरून ठरतं. गेल्या ईदला आमच्या ओटीवर चटई अंथरून या खेळाचे लागोपाठ सहा डाव झाले. शेवटच्या डावात आपा, म्हणजे तिची अम्मी, हरली आणि रुसून आत गेली. खेळ चांगला आहे, यापेक्षा वेगळी पावती आम्हाला नको होती.

त्यानंतर भाची वही घेऊन आमच्याकडे आली. “मामू, मामी, मला याचं क्राउडफंडिंगचं पेज करायचंय. लोक आधी पैसे देतील, त्या पैशांत छापून घेईन आणि घरपोच पाठवीन. कोल्हापूरच्या छापखान्याने तीनशे नगांना एका नगाचे २४० रुपये सांगितलेत. मी ३९९ ठेवते, घरपोच फुकट. एका खोक्यामागे दीडशे सुटतात.”

आम्ही तिला चहा दिला आणि वहीचं नवं पान उघडलं. पुढचे तीन रविवार त्या पानावर गेले. यंदाच्या सदरात तेच पान वाचकांपुढे ठेवतो आहोत. आकडे आम्हाला मिळालेल्या भावांचे आहेत, तुमच्या गावात ते बदलतील. पण हिशेबाची रीत बदलणार नाही.

खोक्याचं माप आधी, किंमत मागाहून

पहिल्या रविवारी आम्ही भाचीचा नमुना घेऊन थेट कुरिअरवाल्याकडे गेलो. तिचा पट जाड पुठ्ठ्याचा होता, चार घड्यांचा. उघडला की ४८ सेंटीमीटर चौरस, मिटला की २४. त्यामुळे खोका २५ बाय २५ बाय ५ सेंटीमीटरचा, आणि वाटेत कोपरे चेपू नयेत म्हणून बाहेरून घालायचा तपकिरी खोका २८ बाय २८ बाय ८ चा. काट्यावर सगळ्याचं वजन ७०० ग्रॅम भरलं. भाची म्हणाली, म्हणजे एक किलोचा दर लागेल.

कुरिअरवाल्याने काट्याकडे पाहिलंच नाही. त्याने टेप काढली आणि लांबी, रुंदी, उंची मोजून तिन्हींचा गुणाकार केला. ६,२७२. त्याला ५,००० ने भागलं, तर आलं १.२५. “दीड किलोचा दर लागेल,” तो म्हणाला. गाडीत पार्सल जागा अडवतं, म्हणून कुरिअरवाले सेंटीमीटरमधल्या मापांचा गुणाकार ५,००० ने भागून किलो काढतात. खरं वजन आणि हे मापी वजन यांत जे जास्त, त्यावर पैसे. शिवाय दर अर्ध्या किलोच्या पायरीने चढतो, त्यामुळे सव्वा किलोलाही दीड किलोचेच मोजावे लागतात. आम्हाला सांगितलेल्या दरांत महाराष्ट्रातले आणि बाहेरचे पत्ते मिळून पहिल्या अर्ध्या किलोला सरासरी ७५ रुपये पडत होते आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ५५. म्हणजे एक खोका पोचवायला १८५ रुपये. २४० रुपयांची वस्तू, १८५ रुपयांचं भाडं!

घरी येताना भाची गप्प होती. उपाय सुचला तो आपाला. ती म्हणाली, “पट पुठ्ठ्याचाच हवा असं कुणी सांगितलं? पूर्वी सारीपाट कापडाचेच असत.” कोल्हापुरात कापडावर छापून देणाराही मिळाला. कापडाच्या पटाची घडी तळहाताएवढी होते. खोका १८ बाय १२ बाय ४ वर आला आणि बाहेरचा खोका २० बाय १४ बाय ६ वर. गुणाकार १,६८०, भागिले ५,०००, म्हणजे ०.३४ किलो. खरं वजन, सगळं भरून, ४१० ग्रॅम. दोन्ही अर्ध्या किलोच्या आत. भाडं १८५ वरून ७५ वर. एका खोक्यामागे ११० रुपये वाचले, आणि खेळात काडीचा फरक पडला नाही.

म्हणून आमचा पहिला धडा हा. खेळाचं चित्र पूर्ण होण्याआधी, छापखान्याचा भाव घेण्याआधी, कोरा खोका बनवा, त्यात तेवढ्याच वजनाचे कागद भरा आणि कुरिअरवाल्याकडे जाऊन या. खोक्याचं माप एकदा छापून झालं की भाडं कायमचं ठरलं.

चोपन्न कार्डंच का?

दुसरा मुद्दा कार्डांचा. पत्त्यांचं नेहमीचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर. छापताना प्रत्येक कार्डाभोवती तीन-तीन मिलिमीटर रंग जास्त सोडावा लागतो, म्हणजे कापताना पांढरी कड राहत नाही. तेव्हा एका कार्डाला ६९ बाय ९४ ची जागा लागते. आमचा छापखाना १२ बाय १८ इंची कागदावर छापतो. त्यावर तीन ओळींत सहा-सहा, अशी १८ कार्डं बसतात. मशीनला कागद धरायला उरलेली कड लागते, म्हणून एकोणिसावं बसत नाही. ‘गलबत’ची ५४ कार्डं म्हणजे बरोबर तीन कागद.

भाचीच्या पेजवर एक ओळ होती : “दोन लाख जमले तर सर्वांना सहा जादा कार्डं भेट!” क्राउडफंडिंगच्या पेजवर अशी आमिषं दाखवायची पद्धत आहे. पण सहा जादा कार्डं म्हणजे साठ कार्डं, आणि साठ कार्डं म्हणजे चौथा कागद. कागदावर सहाच कार्डं असली तरी छपाई, प्लेट, लॅमिनेशन अख्ख्या कागदाचं. छापखान्याने त्याचे तीनशे नगांना ११,००० रुपये सांगितले. ही रक्कम कुणी देणार नव्हतं, ती भाचीच्या खिशातून जाणार होती. आम्ही ती ओळ खोडली. कार्डं वाढवायचीच असली तर अठराच्या पटीत वाढवावीत, नाहीतर चोपन्नातलंच एखादं कच्चं कार्ड बदलून चांगलं करावं.

याच वेळी नमुन्याच्या कार्डांची एक खोड लक्षात आली. रात्री फरशीवर सपाट ठेवलेली कार्डं सकाळी होडीसारखी वाकली होती. कारण, छापखान्याने स्वस्तात बसावं म्हणून फक्त दर्शनी बाजूला लॅमिनेशन केलं होतं. उघड्या बाजूने कागद हवेतली ओल पितो आणि फुगतो, प्लास्टिकची बाजू तशीच राहते, मग कार्ड वाकणारच. कोकणात तर पाहायलाच नको. दोन्ही बाजूंना लॅमिनेशन हवं, आणि नमुना रात्रभर सपाट ठेवून सकाळी पाहिल्याशिवाय छपाईला होकार देऊ नये. २४० चा भाव दोन्ही बाजूंच्या लॅमिनेशनसकट आहे, हे आम्ही लेखी घेतलं.

३९९ मध्ये काय झालं असतं?

दुसऱ्या रविवारी किमतीचा हिशेब मांडला. खर्च दोन जातींचे असतात. एक, खोके शंभर असोत की हजार, एकदाच होणारे. चित्रकाराचे २५,००० रुपये, प्लेटा, कार्ड आणि खोका कापायचे डाय व नमुने यांचे १४,०००, आणि खेळून पाहण्यासाठी ओळखीपाळखीच्यांना पाठवलेल्या प्रतींचे ३,०००. एकूण ४२,०००. दुसरे, खोक्यागणिक होणारे. तीनशे खोक्यांना २४० प्रमाणे ७२,०००. दोन्ही मिळून १,१४,०००.

पण तीनशे छापले म्हणजे तीनशे विकता येत नाहीत. एखाद्यात कार्ड कमी निघतं, एखादं पार्सल पावसात भिजतं, एखादं पोचतच नाही. पैसे आधी घेतले आहेत म्हटल्यावर तिथे दुसरं पाठवायलाच हवं. आम्ही शंभरामागे पाच, म्हणजे पंधरा खोके बाजूला ठेवले. विकायला उरले २८५. १,१४,००० भागिले २८५, म्हणजे एक खोका ४०० रुपयांना पडला. २४० नव्हे.

त्यावर भाडं ७५, बाहेरचा खोका, टेप आणि कागद २०, आणि पत्ता चुकून परत आलेल्या पार्सलांसाठी खोक्यामागे ५. असे १०० रुपये. वर्गणीदाराच्या दारात खोका पोचेपर्यंत ५०० रुपये झाले.

आता वर्गणीदाराने दिलेल्या पैशांतून वाटेत काय गळतं ते पाहू. पेज चालवणाऱ्यांचं कमिशन आणि पैसे जमा करून देण्याचा आकार मिळून आम्ही शंभराला दहा धरले. दुसरी गळती कराची. पटावरच्या खेळांना २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के जीएसटी आहे. भाचीला वाटत होतं की इतक्या लहान धंद्याला जीएसटी कुठला? महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकला तर वर्षाला चाळीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे खरं. पण माल राज्याबाहेर विकायचा झाला तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी घ्यावीच लागते. बेळगाव, हैदराबाद, गोवा, बडोदा इथले मराठी वाचक सोडायचे नसतील तर हा कर किमतीत धरायला हवा. कमिशन आणि कर वजा जाता शंभर रुपयांतले साधारण ८५ हातात येतात.

आता ३९९ ला हे लावून पाहा. हातात येतात ३४०. विकता येणाऱ्या एका खोक्यावर नुसती छपाई वाया जाणाऱ्या नगांसकट २५३ रुपये, पोचवायला १००, मिळून ३५३. म्हणजे चित्रकाराचे आणि प्लेटांचे पैसे बाजूला ठेवले तरी प्रत्येक खोक्यामागे तेरा रुपये घरचे जाणार. ते ४२,००० धरले तर २८५ खोके विकून भाचीच्या अंगावर सुमारे ४५,००० रुपये कर्ज. पेज जितकं गाजलं असतं तितकं कर्ज वाढलं असतं. भाचीने वही मिटली आणि म्हणाली, “मामी, बरं झालं मी आधी आले.”

उद्दिष्टाची रक्कम

हिशेब उलटा केला. ५०० रुपये हातात यायला किंमत सुमारे ५९० हवी, पण तेही सगळे २८५ खोके विकले गेले तर. सगळे विकले जातील हे कुणी सांगावं? म्हणून किंमत ६९० ठरली, भारतात घरपोच. यातून हातात येतात ५८८, पोचवण्याचे शंभर वजा जाता ४८८. आपले १,१४,००० भरून निघायला २३४ खोके विकले जायला हवेत. २३४ गुणिले ६९०, म्हणजे १,६१,४६०. पेजवरचं उद्दिष्ट म्हणून १,६२,००० लिहायचं ठरलं.

भाचीला वाटलं, आकडा मोठा दिसतो, लोक बिचकतील, पन्नास हजार लिहू या. या ठिकाणी आम्ही अडून बसलो. अशी पेजं दोन रीतींनी चालतात. एकीत उद्दिष्ट गाठलं तरच पैसे मिळतात, नाहीतर कुणाच्याच खात्यातून पैसे जात नाहीत किंवा ते परत होतात. २००९ साली अमेरिकेत सुरू झालेलं किकस्टार्टर याच रीतीने चालतं. मात्र तिथे पेज सुरू करता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे इथूनच सोय पाहावी लागते. दुसऱ्या रीतीत जमेल तेवढे पैसे हातात पडतात. समजा पन्नास हजारांचं उद्दिष्ट ठेवलं आणि साठ हजार जमले. सत्त्याऐंशी माणसांनी पैसे दिले, त्यांना खोके द्यायचे आहेत, आणि छापखाना तीनशेच्या खाली त्या भावात छापत नाही. मग काय करायचं? आधी घेतलेले पैसे ही अमानत आहे. वस्तू हातात पडेपर्यंत ते देणाऱ्याचेच आहेत, असं समजून चालावं. म्हणून आम्ही पहिली रीत निवडली. उद्दिष्ट गाठलं नाही तर कुणाचं एक पैशाचं देणं राहणार नाही. नमुन्यांचा आणि चित्रांचा खर्च तेवढा आमचा.

छापखान्याने एक मोह दाखवलाच होता. पाचशे घ्या, दोनशे रुपयांना देतो. म्हणजे २८,००० जास्त देऊन दोनशे खोके जादा. पण ते दोनशे खोके पावसाळ्यात आमच्या माडीवर पडणार होते. किती छापायचे ते पेज बंद झाल्यावर, मागणी मोजून ठरवायचं, असं वहीत लाल शाईने लिहिलं.

रिवॉर्डचे टप्पे

तिसरा रविवार टप्प्यांचा. भाचीच्या यादीत अकरा टप्पे होते. मग, टी-शर्ट, किल्लीची साखळी, नाव छापलेली पिशवी. प्रत्येकाला आम्ही एकच प्रश्न लावला. हे पोचवून झाल्यावर एका खेळामागे ४०० रुपयांहून जास्त हातात राहतात का? मगला वेगळा खोका, वेगळं भाडं, आणि दहातला एक फुटणार. टी-शर्टाचे पाच आकार, प्रत्येक आकाराचे थोडे उरणार. साखळी तीस रुपयांची, पण तिच्यामुळे पार्सल भरण्याच्या याद्या दुप्पट. सगळं गेलं. उरले ते हे पाच.

१५० रुपये : घरी छापून कापायची कार्डं आणि पट, फाईलच्या रूपात. पोचवायचा खर्च शून्य. विद्यार्थ्यांसाठी हा टप्पा हवाच.

६९० रुपये : एक खोका, भारतात घरपोच.

१,२९० रुपये : दोन खोके, एकाच पत्त्यावर. दोन्ही मिळून पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे एक किलोचा दर, १३० रुपये. खोक्यामागे ४६९ हातात राहतात. एका घरी ठेवायला, एक लेकीच्या सासरी द्यायला.

३,१०० रुपये : पाच खोके, शाळा, वाचनालय किंवा मोहल्ल्यातल्या मंडळासाठी. दोन किलोच्या आत बसतात. खोक्यामागे ४७० राहतात.

२,४९० रुपये : एक खोका, पण पट मोठ्या खालाच्या हातच्या भरतकामाचा. खालाला विचारलं, एक पट भरायला किती वेळ? ती म्हणाली, सहा संध्याकाळ. भाचीने आधी इथे ‘पन्नास नग’ लिहिलं होतं. पन्नास गुणिले सहा म्हणजे तीनशे संध्याकाळी, आणि खालाचा मोतीबिंदू नुकताच निघालाय! आता तिथे ‘फक्त आठ’ असं आहे, पोचवण्याची तारीख इतरांहून दोन महिने पुढची आहे, आणि वाढीव पैसे खालाचे आहेत.

२८५ एकेरी खोके विकले गेले तर सगळं भागून सुमारे पंचवीस हजार उरतात. दोन वर्षांच्या मेहनतीला ते थोडे आहेत, हे आम्ही भाचीपासून लपवलं नाही. पण खालाचे वाढीव पैसे वगळून १,६२,००० ला पोचल्यावर, टप्पे कोणत्याही प्रमाणात विकले गेले तरी तोटा होत नाही, हे आम्ही तिघांनी वेगवेगळे आकडे घालून तपासलं.

परदेशाचा टप्पा नाही. आमच्या वाचकांना ठाऊक आहे, कोकणातल्या दर दुसऱ्या घरातलं कुणी ना कुणी कुवेत, कतार, दुबईत आहे, आणि पहिली मागणी तिथूनच येणार. पण अर्ध्या किलोचं पार्सल तिकडे पाठवायचा भाव खोक्याच्या किमतीहून वर गेला, शिवाय तिथल्या कस्टमचे पैसे कुणी भरायचे हा वाद वेगळा. म्हणून पेजवर साधं लिहिलंय : परदेशातल्या मंडळींनी आपला गावचा पत्ता द्यावा. पुढच्या सुट्टीत येणारं कुणीतरी बॅगेत घालून नेईलच. कपड्यांच्या घडीत हा खोका बसतो, हे आम्ही बॅग भरून पाहिलं आहे.

तारीख आणि एक अडकलेला कागद

पोचवण्याची तारीख ठरवताना भाचीने पेज बंद झाल्यापासून एक महिना लिहिला होता. आम्ही दिवस मोजले. पैसे खात्यात यायला दोन आठवडे, रंगाचा नमुना पाहून होकार द्यायला एक, छपाई, कापणी आणि खोके बनायला चार, कार्डं मोजून खोके भरायला एक, पाठवायला एक. नऊ आठवडे, तेही सगळं सुरळीत झालं तर. दिवाळीच्या तोंडावर छापखाने दिनदर्शिका आणि अंकांच्या कामात बुडालेले असतात, आणि जून ते सप्टेंबर कार्डं छापून साठवणं आमच्याकडे नको. म्हणून पेज थंडीत उघडायचं, छपाई उन्हाळ्यात, आणि तारीख नऊ आठवड्यांची नव्हे, चौदा आठवड्यांची लिहायची. लवकर पोचलं तर कुणी रागावत नाही.

पेजवर सर्वांत वर काय असावं, यावर थोडा वाद झाला. भाचीला गलबताचं चित्र हवं होतं. शेवटी ठरलं ते ओटीवरच्या डावाचं छायाचित्र : चटई, कापडी पट, चार जणांचे हात. त्याखाली एका ओळीत किती जण, किती वेळ. मग खोक्यात काय आहे त्याची मोजदाद, हातात धरलेल्या खोक्याचं चित्र आणि त्याची मापं, म्हणजे हातात छोटा खोका आला म्हणून कुणी हिरमुसणार नाही. आणि शेवटी खर्चाचा तक्ता, जसा वहीत आहे तसा. ६९० रुपयांतले छपाईला किती, भाड्याला किती, कराला किती. दोनशे चाळीसची वस्तू सहाशे नव्वदला का, असं विचारणाऱ्याला उत्तर तिथेच मिळेल.

पेज अजून उघडलेलं नाही. एक कागद यायचा आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर बीआयएसचं चिन्ह बंधनकारक आहे, आणि त्या नियमात ‘फक्त’ मुलांसाठी असलेलीच नव्हे तर मुलांसाठी‘ही’ असलेली खेळणी येतात. खोक्यावर ‘१४ वर्षांपुढील’ छापलं की काम झालं, असा सल्ला आम्हाला दोघा-तिघांनी दिला. ‘गलबत’ मोठ्यांच्या घासाघिशीचा खेळ आहे हे खरं, पण आमच्याच घरात अकरा वर्षांचा एक नातू तो खेळतो आणि जिंकतो. तेव्हा भाचीने नमुना आणि नियमांचं पत्रक जोडून बीआयएसच्या कार्यालयाला लेखी विचारलं आहे. चिन्ह घ्यावं लागेल असं उत्तर आलं तर तपासणीचा खर्च त्या ४२,००० मध्ये मिळवायचा, ६९० चा आकडा पुन्हा मांडायचा, आणि मगच पेज. लोकांचे पैसे घेतल्यावर हा प्रश्न विचारणं परवडणारं नाही.

तोवर वही आमच्या कपाटात आहे, आणि खालाने पहिला पट भरायला घेतला आहे. काल पाहिलं तर तिने जयगडच्या खाडीत एक जादा होडी काढली होती. नियमात ती नाही. भाची म्हणाली, राहू दे.